नाकारलेले बिल काय सांगते

ई-इन्व्हॉइस म्हणजे सरकारच्या पोर्टलवर जाऊन तयार केलेले बिल, असा अनेक व्यापाऱ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात बिल विक्रेत्याच्या कार्यालयात, त्याच्याच हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होते. त्या बिलातली माहिती ठरावीक साच्यात मांडून जीएसटीच्या इन्व्हॉइस नोंदणी पोर्टलकडे पाठवायची असते. पोर्टल ती तपासते. पसंत पडली, तर बिलाला ६४ अक्षरांचा एक ओळख क्रमांक देते, माहितीवर डिजिटल सही करते आणि क्यूआर कोड परत पाठवते. हा क्रमांक म्हणजे इन्व्हॉइस रेफरन्स नंबर, व्यवहारात ज्याला ‘आयआरएन’ म्हणतात तो. पसंत पडली नाही, तर चार आकडी त्रुटी-क्रमांक आणि एक इंग्रजी वाक्य एवढेच परत येते. त्या वाक्याचा अर्थ नीट लावणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

ही पद्धत १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झाली. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आहे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात एकाच पॅनवरची देशभरातली एकूण उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर नियम लागू होतो. नंतर धंदा घटला म्हणून सुटका होत नाही. नोंदणीकृत खरेदीदाराला दिलेली करपात्र बिले, निर्यातीची बिले, तसेच त्यांवरच्या क्रेडिट नोट आणि डेबिट नोट या कक्षेत येतात. थेट ग्राहकाला दिलेले किरकोळ बिल येत नाही. बँका, विमा कंपन्या, मालवाहतूक एजन्सी, प्रवासी वाहतूक सेवा अशा काही वर्गांना सूट आहे. ज्याला नियम लागू आहे त्याने आयआरएनशिवाय दिलेला कागद जीएसटी नियम ४८(५) नुसार बिलच धरला जात नाही. म्हणजे खरेदीदाराच्या हातात कर-वजावटीचा आधारच उरत नाही.

साचा आणि त्यातली घरे

माहितीचा साचा ‘फॉर्म जीएसटी आयएनव्ही-०१’ या नावाने ठरवून दिलेला आहे आणि ती जेसन या मजकूर-स्वरूपात पाठवली जाते. जेसन म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांची यादी. साच्यात बरीच घरे आहेत, पण त्यांतली बहुतेक ऐच्छिक आहेत. रोजच्या बिलात सहा गट पुन्हापुन्हा लागतात: व्यवहाराचा प्रकार (`TranDtls`), बिलाचा क्रमांक व तारीख (`DocDtls`), विक्रेता (`SellerDtls`), खरेदीदार (`BuyerDtls`), मालाच्या ओळी (`ItemList`) आणि एकूण रकमा (`ValDtls`). माल खरेदीदाराच्या पत्त्याऐवजी दुसरीकडे उतरवायचा असेल, तर `ShipDtls` हा गट जोडावा लागतो.

माणूस बिल वाचतो तेव्हा तो चुका मनातच दुरुस्त करत जातो. ‘7’ लिहिले तरी ते दिल्लीचे ‘07’ आहे, हे त्याला कळते. पोर्टलला कळत नाही. राज्याचा संकेतांक आणि मालाचा एचएसएन हे मजकूर म्हणून, म्हणजे अवतरण चिन्हांत जायला हवेत. पिनकोड, नग आणि रकमा या संख्या म्हणून, अवतरण चिन्हांविना जायला हव्यात. एक्सेलमधून माहिती तयार करताना नेमका इथेच घात होतो. एक्सेल सुरुवातीचे शून्य स्वतःहून काढून टाकते. त्यामुळे ‘07’ चे 7 होते आणि शून्याने सुरू होणाऱ्या एचएसएनचा एक अंक हरवतो. उपाय सोपा आहे. अशा रकान्यांचे स्वरूप माहिती भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावे. शून्य गेल्यावर स्वरूप बदलून ते परत येत नाही.

बिल क्रमांकालाही शिस्त आहे. तो १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा, त्यात इंग्रजी अक्षरे, अंक, तिरपी रेघ आणि आडवी रेघ एवढेच असावे, आणि त्याची सुरुवात शून्याने किंवा रेघेने होऊ नये. ‘0012’ असा क्रमांक म्हणूनच चालत नाही, ‘KF/25-26/0012’ चालतो. १ जून २०२५ पासून पोर्टल क्रमांकातली लहान अक्षरे मोठी करून घेते, त्यामुळे ‘kf/12’ आणि ‘KF/12’ ही त्याच्या लेखी दोन बिले नाहीत. तारीख दिवस, महिना, वर्ष याच क्रमाने द्यायची असते. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असली, तर ५ जुलैचे ७ मे होते. ही चूक वाईट अशासाठी, की दोन्ही तारखा खऱ्या असल्यामुळे ती लगेच नजरेत भरत नाही.

पोर्टल कोणत्या क्रमाने तपासते

पाठवलेल्या माहितीची तपासणी ढोबळमानाने तीन पातळ्यांवर होते. पहिली पातळी रचनेची. आवश्यक घर रिकामे नाही ना, संख्येच्या जागी मजकूर नाही ना, लांबी मर्यादेत आहे ना, एवढेच इथे पाहिले जाते. दुसरी पातळी ओळखीची. विक्रेता व खरेदीदार यांचे जीएसटी क्रमांक नोंदीत आणि चालू आहेत का, राज्याचा संकेतांक जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांशी जुळतो का, पिनकोड त्या राज्यातला आहे का, एचएसएन अस्तित्वात आहे का, हे सारे पोर्टल आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहते. तिसरी पातळी हिशेबाची आणि करनियमांची. ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळते का, कर दराप्रमाणे आहे का, आणि राज्यांतर्गत व राज्याबाहेरचा व्यवहार यांनुसार योग्य तोच कर लावला आहे का, हे इथे पाहिले जाते.

या पातळ्या ध्यानात ठेवल्या, की त्रुटी कोणी दुरुस्त करायची हेही ठरते. रचनेची चूक बहुधा सॉफ्टवेअर किंवा एक्सेलच्या मांडणीत असते. ती एकदा सुधारली की पुढच्या सगळ्या बिलांत सुधारते. ओळखीची चूक पार्टीच्या किंवा मालाच्या मूळ नोंदीत, म्हणजे मास्टरमध्ये असते. एका बिलात दुरुस्ती करून मास्टर तसेच ठेवले, तर पुढच्या बिलाला तीच त्रुटी पुन्हा येते. हिशेबाची आणि करनियमाची चूक मात्र त्या एका व्यवहाराचा कागद समोर घेऊनच शोधावी लागते.

एक बिल, तीन नकार

हे सगळे एका काल्पनिक पण रोज घडेल अशा उदाहरणातून नीट दिसते. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एक फाउंड्री आहे. तिने बेळगावच्या एका पंप उत्पादकाला ४०० ओतीव सुटे भाग विकले. दर नगाला २६५ रुपये, सूट २ टक्के, आणि वाहतुकीचे १,५०० रुपये बिलातच लावलेले. खरेदीदाराने सांगितले, की माल बेळगावला पाठवू नका. शिरोलीतल्या एका मशीन शॉपमध्ये उतरवा, तिथे त्यावर मशीनिंग होईल. म्हणजे बिल कर्नाटकातल्या पार्टीच्या नावाने आणि माल मात्र महाराष्ट्रातच.

आधी हिशेब पाहू. ४०० नगांचे २६५ प्रमाणे १,०६,००० रुपये झाले. २ टक्के सूट २,१२० रुपये. ती वजा करून मालाची करपात्र किंमत १,०३,८८० रुपये. वाहतुकीचा आकार विक्रेत्याने मालाबरोबरच लावला असल्याने तोही पुरवठ्याच्या किमतीचा भाग आहे आणि मालाच्याच दराने करपात्र आहे. म्हणून तो दुसरी ओळ म्हणून घेतला. एकूण करपात्र किंमत १,०५,३८० रुपये. १८ टक्के दराने कर १८,९६८.४० रुपये. बेरीज १,२४,३४८.४०, चाळीस पैसे राउंड ऑफमध्ये सोडून बिल १,२४,३४८ रुपयांचे. मालाची पहिली ओळ साच्यात अशी दिसते:

```json
{ "SlNo": "1", "IsServc": "N", "HsnCd": "732599",
  "Qty": 400, "Unit": "NOS", "UnitPrice": 265,
  "TotAmt": 106000, "Discount": 2120, "AssAmt": 103880,
  "GstRt": 18, "IgstAmt": 18698.40,
  "TotItemVal": 122578.40 }
```

बिल तयार करणाऱ्या लेखनिकाने माहिती पाठवली आणि तीन त्रुटी आल्या: 3039, 2189 आणि 2172.

पहिली सर्वांत सरळ. 3039 चा अर्थ असा, की खरेदीदाराचा पिनकोड त्याच्या राज्यातला नाही. लेखनिकाने खरेदीदाराच्या पत्त्यात राज्य कर्नाटकाचे, म्हणजे 29 लिहिले होते. पण पिनकोड जिथे माल उतरवायचा त्या शिरोलीचा टाकला होता. बिल कोणाच्या नावाने आणि माल कुठे, या दोन पत्त्यांची सरमिसळ झाली होती. बेळगावचा पिनकोड `BuyerDtls` मध्ये आणि शिरोलीचा `ShipDtls` मध्ये गेल्यावर ही त्रुटी मिटते.

दुसरी त्रुटी 2189, म्हणजे बिलाची एकूण रक्कम चुकीची. लेखनिकाने कॅल्क्युलेटरवर बेरीज पुन्हा तपासली. १,२४,३४८ हा आकडा बरोबरच होता. चूक बेरजेत नव्हती, सुटीत होती. साच्यात सूट लिहायची दोन घरे आहेत. मालाच्या ओळीतली `Discount` कर लावण्याआधी वजा होते. एकूण रकमांच्या गटातली `Discount` कर लावून झाल्यावर शेवटच्या रकमेतून वजा होते. लेखनिकाने २,१२० रुपये दोन्हीकडे लिहिले. पोर्टलने स्वतःचा हिशेब केला, तर त्याला १,२२,२२८ रुपये मिळाले. दोन आकड्यांतला फरक नेमका २,१२० चा. पोर्टल एका रुपयापर्यंतचा फरक चालवून घेते, त्यापुढचा नाही.

यातून एक उपयोगी सवय घेता येते. रक्कम जुळत नसेल, तेव्हा आधी फरक काढावा आणि तो आकडा बिलात कुठे दिसतो ते शोधावे. फरक सुटीएवढा असेल तर सूट दोनदा वजा झालेली असते. फरक पैशांत असेल तर राउंड ऑफचे घर रिकामे राहिलेले असते, किंवा उणे चिन्ह विसरलेले असते. फरक एखाद्या ओळीच्या कराएवढा असेल तर त्या ओळीचा कर एकूण रकमेत धरलेला नसतो. वाहतूक खर्च `OthChrg` या ‘इतर आकार’ घरात टाकण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. तिथे टाकलेल्या रकमेवर पोर्टल कर मोजत नाही, त्यामुळे बेरीज जुळते आणि बिल मंजूरही होते. पण करपात्र रकमेवरचा कर भरायचा राहून जातो. या बिलात तो २७० रुपये झाला असता.

दुरुस्तीनंतर एकूण रकमांचा गट असा होतो:

```json
"ValDtls": { "AssVal": 105380, "IgstVal": 18968.40,
  "RndOffAmt": -0.40, "TotInvVal": 124348 }
```

सर्वांत अवघड नकार

तिसरी त्रुटी 2172. तिचा आशय असा: राज्यांतर्गत व्यवहाराला आयजीएसटी लागत नाही, सीजीएसटी आणि एसजीएसटी लावा. माल कोल्हापूर जिल्ह्यातून निघून कोल्हापूर जिल्ह्यातच उतरणार असल्यामुळे हे वाक्य लेखनिकाला पटण्यासारखे होते. पोर्टलने सांगितल्याप्रमाणे १८ टक्क्यांचे ९ आणि ९ केले असते, तर बिल क्षणात मंजूर झाले असते. आणि ते चुकीचे ठरले असते.

पोर्टल व्यवहार राज्यांतर्गत आहे की नाही, हे स्वतः शोधत नाही. विक्रेत्याचे राज्य आणि `Pos` या घरात लिहिलेले पुरवठ्याचे ठिकाण यांची ते तुलना करते. लेखनिकाने माल शिरोलीत उतरणार म्हणून `Pos` मध्ये महाराष्ट्राचा 27 लिहिला होता. विक्रेताही 27. मग पोर्टलच्या लेखी व्यवहार राज्यांतर्गत झाला आणि आयजीएसटी विसंगत ठरला. दोन घरांतली माहिती एकमेकींशी जुळत नाही, एवढेच पोर्टलला ठाऊक होते. त्यांतली कोणती खोटी, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्याचे उत्तर कायद्यात आहे. आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(ख) प्रमाणे, एखाद्याच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याच माणसाकडे पोचवला, तर तो माल सांगणाऱ्याला मिळाला असे धरतात, आणि पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे त्या सांगणाऱ्याच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण. इथे सांगणारा बेळगावचा पंप उत्पादक. म्हणून पुरवठ्याचे ठिकाण कर्नाटक, व्यवहार आंतरराज्य आणि कर आयजीएसटी. टेम्पो राज्याची हद्द ओलांडतो की नाही, याचा इथे संबंध येत नाही. दुरुस्ती कराच्या घरात नव्हे, ठिकाणाच्या घरात करायची:

```json
"BuyerDtls": { "Loc": "BELAGAVI", "Pin": 590008,
  "Stcd": "29", "Pos": "29" },
"ShipDtls": { "Loc": "SHIROLI", "Pin": 416122,
  "Stcd": "27" }
```

इथे नावे, पत्ते आणि जीएसटी क्रमांक जागेअभावी गाळले आहेत. प्रत्यक्षात तेही द्यावे लागतात.

कर बदलून बिल मंजूर करून घेतले असते, तर काय झाले असते? खरेदीदाराची नोंदणी कर्नाटकात. महाराष्ट्राच्या पुरवठा-ठिकाणावर लावलेल्या सीजीएसटी-एसजीएसटीची वजावट त्याला तिथे मिळत नाही. १८,९६८.४० रुपये अडकल्यावर तो पैसे रोखून धरणार. विक्रेत्याला आयजीएसटी नव्याने भरावा लागणार आणि चुकून भरलेला कर कलम ७७ खाली परताव्याच्या अर्जाने मागावा लागणार. एका आकड्याची तडजोड काही महिन्यांच्या पत्रव्यवहारावर गेली असती.

याच ठिकाणी आणखी एक पळवाट दिसते. `IgstOnIntra` नावाचे एक घर आहे. त्यात Y लिहिले, की राज्यांतर्गत दिसणाऱ्या व्यवहारावरही पोर्टल आयजीएसटी स्वीकारते. कायद्यानेच तसा कर लागतो अशा थोड्या प्रसंगांसाठी ते आहे. त्रुटी गप्प करण्यासाठी नाही. या बिलात ते वापरले असते, तर कराचा प्रकार बरोबर पण पुरवठ्याचे ठिकाण चुकीचे अशी नोंद सरकारकडे गेली असती.

जीएसटी क्रमांक सापडत नाही तेव्हा

नेहमी भेटणाऱ्या आणखी दोन त्रुटी खरेदीदाराच्या क्रमांकाबद्दलच्या आहेत. 3028 म्हणजे हा क्रमांक ई-इन्व्हॉइस प्रणालीत सापडला नाही. 3029 म्हणजे सापडला, पण तो चालू नाही. दोन्हींवर वेगळे उपाय आहेत.

3028 आल्यावर आधी १५ अक्षरे एकेक करून तपासावीत. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे पॅनची. शून्य आणि इंग्रजी O, एक आणि इंग्रजी I यांची अदलाबदल हा सर्वांत नेहमीचा दोष. क्रमांक बरोबर असूनही त्रुटी येत असेल, तर खरेदीदाराची नोंदणी नवी असण्याची शक्यता मोठी. नोंदणी जीएसटीच्या मुख्य पोर्टलवर होते आणि तिची माहिती ई-इन्व्हॉइस पोर्टलच्या यादीत पोचायला वेळ लागू शकतो. मुख्य पोर्टलवरून त्या क्रमांकाची ताजी माहिती मागवून घेण्याची सोय ई-इन्व्हॉइस पोर्टलवर आहे. ती वापरून मग बिल पुन्हा पाठवावे.

3029 आल्यावर मात्र बिल पुन्हापुन्हा पाठवून काहीच होत नाही. खरेदीदाराची नोंदणी बिलाच्या तारखेला रद्द झालेली असू शकते; मुख्य पोर्टलवर क्रमांक टाकला की स्थिती दिसते. अशा वेळी फोन करून दुसरा चालू क्रमांक आहे का ते विचारावे. खरोखरच नोंदणी उरलेली नसेल, तर तो अनोंदणीकृत ग्राहक ठरतो आणि त्याचे बिल ई-इन्व्हॉइसच्या कक्षेबाहेर जाते. क्रमांकाच्या जागी ‘URP’ हा अनोंदणीकृतासाठीचा शब्द टाकून ‘B2B’ प्रकारात बिल घालवण्याचा प्रयत्न पोर्टल मानत नाही.

‘डुप्लिकेट’ म्हणजे नेमके काय

2150, म्हणजे ‘डुप्लिकेट आयआरएन’, ही त्रुटी दिसली की पुष्कळजण घाबरून बिलाचा क्रमांक बदलतात. हा सर्वांत महाग पडणारा उपाय आहे.

आयआरएन चार गोष्टींवरून बनतो: विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक. या चारांवर एसएचए-२५६ ही गणिती प्रक्रिया करून ६४ अक्षरे मिळतात. त्यात रक्कम नाही, खरेदीदार नाही, माल नाही. म्हणून हे चार तेच राहिले, की बाकी बिल कितीही बदलले तरी पोर्टल ‘डुप्लिकेट’ म्हणते आणि पहिल्यांदा नोंदलेलेच बिल खरे धरते.

बहुतेक वेळा घडते ते असे. बिल पाठवले, पोर्टलने नोंदवले, पण उत्तर परत येण्याआधी इंटरनेट तुटले. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बिल अजून प्रलंबित आहे. पोर्टलच्या दृष्टीने काम झालेले आहे. दुसऱ्यांदा पाठवले की 2150. सॉफ्टवेअरमार्फत थेट जोडणी असेल, तर याच उत्तरात आधीचा आयआरएन आणि पोच क्रमांकही येतो. तो घ्यावा, पोर्टलवरून सही झालेले बिल उतरवून घ्यावे आणि त्यातली रक्कम आपल्या बिलाशी ताडून पाहावी. ताडून पाहणे गरजेचे, कारण मधल्या काळात कोणी दर किंवा नग बदलले असतील, तर कार्यालयातले बिल आणि सरकारी नोंद यांत फरक पडलेला असतो, आणि तो 2150 सांगत नाही. उलट क्रमांक बदलून बिल पुन्हा नोंदवले, तर एकाच मालाची दोन बिले सरकारी नोंदीत उभी राहतात, दोन्ही जीएसटीआर-१ मध्ये आपोआप जातात आणि कर दोनदा देय दिसतो.

मंजूर झाले, पण चुकले

नोंदलेले बिल पोर्टलवर दुरुस्त करता येत नाही. ते फक्त रद्द करता येते, तेही पूर्ण आणि २४ तासांच्या आत. त्या बिलावर ई-वे बिल चालू असेल, तर आधी ते रद्द करावे लागते. रद्द झालेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास 2278 ही त्रुटी येते. नवे बिल नव्या क्रमांकानेच काढायचे. २४ तास उलटले, की रद्द करायला गेल्यावर 2270 येते. मग उरतात ते नेहमीचे मार्ग. मूल्य किंवा कर कमी करायचा असेल तर क्रेडिट नोट, वाढवायचा असेल तर डेबिट नोट, आणि त्यांचीही पोर्टलवर नोंद. इतर तपशिलांची दुरुस्ती जीएसटीआर-१ मध्ये.

दुसरी मर्यादा ३० दिवसांची आहे. १० कोटी आणि त्याहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. त्यानंतर पोर्टल ते बिल घेतच नाही. १ एप्रिलचे बिल ३० एप्रिलनंतर नोंदवता येत नाही. नाकारलेले बिल ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला ठेवण्याचा धोका इथे आहे. माल गेला, पैसेही कदाचित आले, पण कायद्याच्या दृष्टीने बिल झालेच नाही, अशी अवस्था होते. त्यामुळे दिवस संपताना दोन याद्या समोर ठेवणे ही कार्यालयाची रोजची शिस्त असली पाहिजे: दिवसभरात काढलेली बिले आणि आयआरएन मिळालेली बिले. पहिल्या यादीत असून दुसऱ्या यादीत नसलेले प्रत्येक बिल त्याच संध्याकाळी उलगडावे. त्याच दिवशी रद्द करण्याची २४ तासांची खिडकीही उघडी असते.

शेवटी पोर्टलच्या होकाराची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. माहिती स्वतःशी सुसंगत आहे आणि यादीशी जुळते, एवढेच तो होकार सांगतो. माल खरोखर त्याच एचएसएनचा आहे, नग खरोखर ४०० गेले, पुरवठ्याचे ठिकाण खरोखर कर्नाटक आहे, हे पोर्टल पाहत नाही. ते बिल काढणाऱ्यालाच पाहावे लागते. म्हणून त्रुटी आली की आधी खरेदीची ऑर्डर आणि डिलिव्हरी चलन हातात घ्यावे, व्यवहार नेमका काय झाला ते ठरवावे, आणि मग त्या व्यवहाराशी न जुळणारे घर बदलावे. पोर्टलला जुळवून घेण्यासाठी आकडा बदलला, तर बिल मंजूर होते. व्यवहाराशी जुळवून घेण्यासाठी बदलला, तरच ते बरोबर होते.